मुलगा वाचावा की मुलाने वाचावं?

पान गळलं आणि पोरगा हसला. शाळेतल्या व्याकरणात ही दोन्ही वाक्यं एकाच खणात जातात: क्रियापद अकर्मक, कर्ता प्रथमेत, प्रयोग कर्तरी. पेपरात तेवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण पोरगा हसला तेव्हा त्याने काहीतरी केलं आणि पान गळलं तेव्हा पानाचं काहीतरी झालं, हे कुणालाही कळतं. झाडाने पान गाळलं असतं तरी पानाची गत तीच झाली असती, फक्त तेव्हा आपण त्याला कर्म म्हटलं असतं. मग गळणाऱ्या पानाला ‘कर्ता’ म्हणायचं ते केवळ वाक्यात दुसरं कुणी नाही म्हणून?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड पर्लमटर यांनी 1978 साली या शंकेला नेमकं रूप दिलं. त्यांचं म्हणणं असं की, अकर्मक क्रियापदं मुळात दोन जातींची असतात. एका जातीत वाक्यातलं एकुलतं एक नाम खरोखर कर्त्याच्या जागी जन्मतं. दुसऱ्या जातीत ते कर्माच्या जागी जन्मतं आणि कर्त्याची जागा रिकामी आहे म्हणून वर सरकतं. पहिल्या जातीला भाषाशास्त्रात अनर्गेटिव्ह म्हणतात, दुसरीला अनॅक्युझेटिव्ह. आपण इथे सोयीसाठी कर्तृवत आणि कर्मवत म्हणू. ‘कर्मवत’ हा शब्द पाणिनीचा आहे. लाकूड आपसूक चिरलं जातं अशा वाक्यांत कर्ता कर्मासारखा वागतो, हे त्याने टिपलं होतं. मात्र त्याचा नियम चिरणं, शिजवणं अशा सकर्मक धातूंपुरता आहे. येणं, मरणं, पडणं त्यात बसत नाहीत, तेव्हा ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असा डांगोरा पिटायची घाई नको.

पर्लमटर यांचा दावा अर्थाबद्दल असता तर वाद कसला? दावा रचनेबद्दल होता आणि रचना डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कसोट्या लागतात. कसोटी म्हणजे अशी रचना, जी कर्माला चालते पण सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला चालत नाही. अकर्मक क्रियापदाचं नाम तिच्यात घालून पाहायचं. उतरलं तर ते कर्माच्या बाजूचं, अडलं तर कर्त्याच्या. या व्याख्येतली अट महत्त्वाची आहे. जी रचना कर्म आणि सकर्मक कर्ता या दोघांनाही आत घेते, ती कसोटीच नव्हे. लेखांतून, प्रबंधांतून सर्रास चूक होते ती इथेच. दुसऱ्या भाषेत गाजलेली कसोटी उचलायची आणि आपल्या भाषेत ती पाणी धरते का ते न बघता वापरायची.

इटालियनमध्ये या कसोट्या इतक्या स्वच्छ चालतात की त्या भाषेने या विषयाला जवळजवळ दत्तकच घेतलं. लुइजी बुर्त्सिओ यांचं 1986 चं पुस्तक हा त्यातला पाया. इटालियनमध्ये पूर्ण भूतकाळ करताना दोन सहायक क्रियापदांतून एक निवडावं लागतं: आव्हेरे, म्हणजे जवळ असणं, किंवा एस्सेरे, म्हणजे असणं. सकर्मक क्रियापद नेहमी आव्हेरे घेतं. ‘मारियाने फोन केला’ हे त्यांच्याकडे अकर्मक वाक्य आहे आणि तेही आव्हेरे घेतं: मारिया आ तेलेफोनातो. पण ‘मारिया आली’ हे होतं मारिया ए आर्रिवाता. इथे एस्सेरे आलं. शिवाय धातुसाधित स्त्रीलिंगी झालं, शेवटी ‘ता’. तेलेफोनातो मात्र मारिया असो की मारियो, ‘तो’वरच थांबतं.

मराठी माणसाला यात ओळखीचं काहीतरी दिसेल. तिने आंबा खाल्ला, तिने भाकरी खाल्ली. आपलं भूतकाळी रूप कर्माकडे बघून बदलतं. इटालियनमध्येही कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाआधी आलं की धातुसाधित त्याच्याशी जुळतं. ‘मी ती वाचली’ म्हणताना लेत्तो न राहता लेत्ता होतं. म्हणजे आर्रिवाताची जुळणी कर्माच्या जुळणीसारखी आहे.

दुसरी कसोटी धातुसाधिताचं विशेषण करण्याची. ‘काल वाचलेलं पुस्तक’ इटालियनमध्ये सरळ होतं: इल लिब्रो लेत्तो येरी. वाचणाऱ्या मुलाला मात्र याच पद्धतीने ‘लेत्तो’ हे विशेषण लावता येत नाही. कर्म आत, सकर्मक कर्ता बाहेर. कसोटी अटीत बसली. आता अकर्मकं घालू. ‘काल आलेली मुलगी’ म्हणजे ला रागात्सा आर्रिवाता येरी, हे चालतं. ‘काल फोन केलेली मुलगी’ या अर्थी ला रागात्सा तेलेफोनाता येरी म्हटलं तर इटालियन माणूस तुमच्याकडे बघत राहील.

तिसरी कसोटी एका छोट्या शब्दाची, आणि योगायोगाने तो शब्दही ‘ने’च आहे. त्याचा आपल्या ने प्रत्ययाशी काही संबंध नाही. अर्थ साधारण ‘त्यांतले’. ‘त्यांतली तीन वाचली’ असं कर्माबद्दल म्हणता येतं, सकर्मक कर्त्याबद्दल येत नाही. ‘त्यांतले तिघे आले’ म्हणजे ने सोनो आर्रिवाती त्रे, हे बरोबर. ‘त्यांतल्या तिघांनी फोन केला’ हे मात्र या ‘ने’ने सांगता येत नाही. तीन वेगळ्या कसोट्या आणि तिन्हींचा कौल एकच. म्हणूनच पर्लमटर यांच्या म्हणण्यात तथ्य असावं असं लोकांना वाटू लागलं.

सहायक क्रियापदाची ही निवड फ्रेंच, जर्मन, डच या भाषांतही आहे आणि खरी गंमत तिथे सुरू होते. युद्ध बराच काळ चाललं हे इटालियनमध्ये एस्सेरे घेऊन सांगतात: ला ग्वेर्रा ए दुराता. शेजारच्या फ्रेंचमध्ये त्याच लॅटिन मुळाचं तेच क्रियापद ‘जवळ असणं’वालं सहायक घेतं: ला गेर आ द्युरे. लाजून लाल होणं इटालियनमध्ये एस्सेरेवालं, तर डचमधलं ब्लोझन हे ‘जवळ असणं’वालं. दुसऱ्या जोडीचा खुलासा पटण्यासारखा आहे. इटालियन क्रियापद लाल ‘होणं’ सांगतं, डच क्रियापद चेहरा लाल ‘असणं’. पहिल्यात बदल आहे, दुसऱ्यात नाही. युद्धाच्या बाबतीत मात्र अर्थात असं बोट ठेवण्यासारखं काही सापडत नाही.

एकाच भाषेत एकच क्रियापद दोन्हीकडे जातं, तेही मुद्दाम पाहण्यासारखं आहे. ‘मारियो तासभर धावला’ म्हणजे मारियो आ कोर्सो, इथे आव्हेरे. ‘मारियो घरी धावत गेला’ म्हणजे मारियो ए कोर्सो आ कासा, इथे एस्सेरे. क्रियापद तेच. पण पोचायचं ठिकाण आलं की वाक्य मारियोच्या धावण्याचं राहत नाही, त्याच्या जागा बदलण्याचं होतं. डचमध्येही चालण्याच्या क्रियापदाचं हेच होतं: नुसतं चालण्याला एक सहायक, घरी चालत जाण्याला दुसरं. म्हणजे कर्मवत किंवा कर्तृवत हा शिक्का क्रियापदावर कोशातच मारलेला असतो असं समजणं भाबडेपणाचं आहे. पुष्कळदा तो अख्ख्या वाक्यावर बसतो.

या गोंधळात अन्तोनेल्ला सोराचे यांनी 2000 साली एक उतरंड मांडली. एका टोकाला येणं, जाणं, पडणं, म्हणजे जागा बदलणं. ज्या ज्या पश्चिम युरोपीय भाषेत ही निवड आहे तिथे ही क्रियापदं ‘असणं’ घेण्यात बहुधा ठाम असतात. दुसऱ्या टोकाला बोलणं, काम करणं अशा मनाने केलेल्या आणि जागा न बदलणाऱ्या क्रिया; त्या ‘जवळ असणं’ला चिकटून राहतात. मध्ये टिकणं, राहणं, अस्तित्वात असणं यांचा पट्टा. भाषा-भाषांत, बोली-बोलींत, इतकंच काय एकाच माणसाच्या तोंडी डगमग दिसते ती याच पट्ट्यात. ‘उभं राहणं’ उत्तर जर्मनीत एक सहायक घेतं, दक्षिणेकडे आणि ऑस्ट्रियात दुसरं. मला ही उतरंड पर्लमटर यांच्या दोन खणांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, जरी दोन खण हाताळायला सोपे असले तरी.

स्पॅनिशमध्ये तर निवडच संपली. जुन्या स्पॅनिशमध्ये होती, आता सगळी क्रियापदं एकच सहायक घेतात. पण म्हणून दोन जाती नाहीशा झाल्या नाहीत. ‘नुकतीच आलेली मुलगी’ स्पॅनिशमध्ये धातुसाधिताने सांगता येतं, ‘रडलेली मुलगी’ तसं सांगता येत नाही. एक कसोटी बुजली, दुसरी शाबूत आहे. इंग्रजीतही ‘फॉलन लीफ’ आहे आणि ‘लाफ्ड बॉय’ नाही.

आता सहायक सोडून विभक्तीकडे येऊ, कारण आपल्याला जवळचं तेच आहे. बास्क ही स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची, आसपासच्या कुठल्याच भाषेशी नातं नसलेली भाषा. तिच्यात सकर्मक कर्त्याला ‘क’ हा प्रत्यय लागतो, कर्माला काही लागत नाही. ‘जॉन आला’ यात जॉनला प्रत्यय नाही. ‘जॉनने काम केलं’, ‘जॉन हसला’, ‘जॉन बोलला’ यांत आहे. अकर्मकं प्रत्ययावरूनच दोन रांगांत उभी राहतात आणि सहायकही त्याप्रमाणे बदलतं. चित्र छान आहे, पण जरा जवळून पाहिलं की कळतं, बास्कमध्ये हसणं, रडणं, बोलणं, काम करणं ही बहुतेक ‘हसू करणं’, ‘रडू करणं’, ‘शब्द करणं’ अशी जोडक्रियापदं आहेत. करणं सकर्मक असल्यावर प्रत्यय लागणारच. मग कसोटीने अकर्मकाची जात ओळखली, की फक्त एक लपलेलं कर्म शोधलं? म्हणून अभ्यासक ‘करणं’ नसलेल्या क्रियापदांकडे वळतात. त्यातलं ‘नाचणं’ हे पश्चिमेच्या बोलींत प्रत्यय घेतं आणि पूर्वेच्या बोलींत घेत नाही. नाच तोच, माणूस तोच, डोंगर ओलांडला की विभक्ती बदलली.

जॉर्जियनमध्ये असा प्रत्यय अकर्मकांच्या कर्त्यालाही लागतो, पण फक्त एका भूतकाळी रूपमालेत. ‘मूल रडलं’ यात मुलाला ‘मा’ लागतो, ‘मूल आलं’ यात नाही. ‘मूल रडतं’ आणि ‘मूल येतं’ यांत फरक काहीच दिसत नाही. कसोटी लावायची तर काळ नीट निवडून लावावी लागते, नाहीतर भाषेत फरकच नाही असं वाटेल.

हिंदीत ने आहे. ‘राम ने छींका’, ‘राम ने खाँसा’ ऐकू येतं, ‘राम ने गिरा’ कुणीच म्हणत नाही. पण ‘राम हँसा’, ‘राम नाचा’ यांनाही ने लागत नाही आणि नाचणं काही पडण्याच्या जातीचं नव्हे. म्हणजे हिंदीतली ही कसोटी एकेरी आहे. ने लागला तर क्रियापद कर्तृवत, न लागला तर काहीच सिद्ध होत नाही. शिंक कुणी ठरवून देत नाही, तरी ने लागतो हेही लक्षात ठेवावं. ‘ज्याने मनाने केलं तो कर्ता’ या सोप्या व्याख्येला शिंक आणि खोकला कायमचे आडवे आलेले आहेत.

मग मराठीचं काय? सहायकाची कसोटी इथे नाहीच. ती आली आहे, ती हसली आहे, तिने आंबा खाल्ला आहे. सगळीकडे एकच ‘आहे’. भूतकाळातला ने हाही उपयोगाचा नाही. तो पडला, तो नाचला, तो शिंकला, कुणालाच ने नाही. उलट कर्म असूनही काही क्रियापदं ने नाकारतात: तो धडा शिकला, ती पाकीट विसरली. आपला भूतकाळी ने कुणाला लागायचं ते क्रियापदागणिक ठरवतो.

उरलं धातुसाधित, आपलं लेला. पडलेला आंबा, खाल्लेला आंबा. कर्मवत नाम आणि कर्म दोन्ही आत आले. इथवर इटालियनसारखं. पण आता अट तपासू, सकर्मक कर्ता बाहेर राहतो का? ‘चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस’. इथे माणूस बघणारा आहे, बघितला गेलेला नाही, आणि तरी लेला त्याला बिनदिक्कत लागला. ‘सभेत बोललेले वक्ते’, ‘स्पर्धेत धावलेल्या मुली’ यांतही काही खटकत नाही. लेला कर्त्याला, कर्माला, सगळ्यांनाच आत घेतो. म्हणून मराठीत लेला लावून कुणी क्रियापदांची वर्गवारी करू लागला तर तो मोजपट्टी न तपासता कापड कापतो आहे. हिंदीत मात्र ‘गिरा हुआ पत्ता’ चालतं, ‘हँसा हुआ लड़का’ चालत नाही. इतक्या जवळच्या दोन भाषा, धातुसाधितं सख्ख्या बहिणींसारखी, पण एक कसोटी आहे आणि दुसरी नाही.

तरी मराठी रित्या हाताने परतवत नाही. माझ्या मते आपली खरी कसोटी विध्यर्थात आहे, वा-वी-वे या रूपांत. आधी अट तपासू. ‘मुलाने आंबा खावा’, ‘मुलाने भाकरी खावी’. कर्म बिनप्रत्ययाचं आणि क्रियापद त्याच्याशी जुळलेलं. सकर्मक कर्त्याला ने हवाच. ‘मुलगा आंबा खावा’ हे मराठी नव्हे. म्हणजे बिनप्रत्ययाचं राहून क्रियापदाला आपल्यामागे ओढणं हा इथे कर्माचा हक्क आहे. कसोटी अटीत बसली.

आता अकर्मकं घालू. नपुंसकलिंगी नाम टाळायचं, कारण भावे प्रयोगातलं रूप आणि नपुंसकी रूप सारखंच असतं. निर्जीव नामही टाळायचं. गाडी वेळेवर धावावी, तारा चमकावा, घंटा वाजावी. निर्जीवांना ने सहसा लागतच नाही, त्यामुळे त्यांच्यावरून क्रियापदाबद्दल काही कळत नाही. तेव्हा एक मुलगा घेऊ आणि क्रियापदं बदलत राहू. मुलगा परत यावा. मुलगा जगावा. मुलगा त्या कटकटीतून एकदाचा सुटावा. तिला मुलगा व्हावा. सगळी सहज तोंडात बसतात. आता: मुलगा हसावा, मुलगा नाचावा, मुलगा ओरडावा, मुलगा शिंकावा. माझ्या कानाला ही सगळी खटकतात. मुलाने हसावं, मुलाने नाचावं, असंच आपण म्हणतो, शाळेतला भावे प्रयोग. शिंक इथेही हसण्याच्या रांगेत गेली, हिंदीतल्यासारखीच.

या कसोटीचा सगळ्यात देखणा नमुना ‘वाचणं’ हा आहे. ‘मुलगा वाचावा’ म्हटलं की दवाखान्याबाहेर बसलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. ‘मुलाने वाचावं’ म्हटलं की पुस्तक. दिसायला एकच क्रियापद, पण एक कर्मवत आहे आणि दुसरं सकर्मक, आणि मराठी माणूस त्यांत क्षणभरही घोटाळत नाही. ‘शिकणं’ही इथे आपलं खरं रूप दाखवतं. भूतकाळात ‘तो धडा शिकला’ म्हणून ने टाळणारं हे क्रियापद विध्यर्थात मुकाट ‘मुलाने धडा शिकावा’वर येतं. आतून ते सकर्मकच आहे, भूतकाळात फक्त फसवतं.

मर्यादा या कसोटीलाही आहेत. ती एकेरी आहे. कर्मवत क्रियापदाला ने लागूच शकत नाही असं नाही. ‘माझा मुलगा परत यावा’ ही इच्छा झाली, ‘माझ्या मुलाने परत यावं’ हे मुलाला सांगणं झालं. दुसऱ्यात येणं त्याच्या हातात आहे असं आपण धरतो. पावसाने आता थांबावं असं आपण म्हणतो तेव्हा पावसाला माणसासारखं विनवतो. म्हणून निर्णय करायचा तो बिनप्रत्ययाचं वाक्य चालतं का यावर, ने चालतो का यावर नव्हे.

आणि मधला पट्टा इथेही आहे. ‘मुलगा लवकर झोपावा म्हणून तिने दिवा मालवला’ हे मला चालतं, पण यात झोपणं म्हणजे झोप लागणं, जागेपणातून झोपेत जाणं. ‘मुलाने आठ तास झोपावं’ यात झोपणं म्हणजे झोपून राहणं, आणि तिथे ‘मुलगा आठ तास झोपावा’ मला जड जातं. इटालियनमध्ये या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत, एक एस्सेरे घेतं, दुसरं आव्हेरे. उठणं, बसणं, चालणं यांच्याबद्दल विचाराल तर एकाच घरातही एकमत होणं कठीण. ‘मुलगी लवकर उठावी’ कुणाला चालतं, कुणी तोंड वाकडं करून ‘मुलीने लवकर उठावं’ अशी दुरुस्ती सुचवतं. असं विचारताना नागपूर, कोल्हापूर, मालवण अशा वेगवेगळ्या भागांतली माणसं घ्यावीत आणि क्रियापदाबरोबर म्हणून, आठ तास, लवकर, घरी असे शब्द बदलून पाहावेत. मारियोच्या धावण्यासारखाच आपल्याकडेही निकाल पुष्कळदा त्या शब्दांवर फिरतो.